प्रो-राटा आणि रेटिंगवरचा बोनस: सहकाऱ्याला हिशोबाचा ईमेल कसा लिहावा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी घ्या. प्लॅनिंग विभागात स्नेहल 14 जुलै 2025 ला रुजू झाली. ऑफर लेटरमध्ये वर्षाचा ठरलेला पगार 6,00,000 रुपये आणि त्यावर 10 टक्के व्हेरिएबल बोनस असे लिहिलेले. मार्चअखेर तिला 5 पैकी 4 रेटिंग मिळाले. मे 2026 च्या सॅलरी स्लिपवर बोनसच्या रकान्यात 47,638 रुपये दिसले. तिने घरी स्वतः हिशोब केला होता, तो 51,750 आला होता. ती टीम लीडला विचारते, "सर, मधले चार हजार कुठे गेले?"

या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन भागत नाही. "तू उशिरा जॉइन झालीस ना, म्हणून प्रो-राटा केलंय" म्हणजे नोकरीच्या काळाच्या प्रमाणात बोनस दिलाय, हे खरे असले तरी त्यातून चार हजारांचा हिशोब लागत नाही. समोरच्याला आपले आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर मांडून पाहता आले पाहिजेत, आणि उत्तर पैशापर्यंत जुळले पाहिजे. ईमेलचे काम तेवढेच आहे. त्यासाठी ईमेलमधल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे लिहायचे, आणि शक्य तिथे तो कागद समोरच्याकडे आधीच असलेला निवडायचा: ऑफर लेटर, रेटिंगचे पत्र, सॅलरी स्लिप. "सिस्टिममधून आला" असे म्हटलेला आकडा कोणाला पटत नाही.

लिहायला बसण्याआधी

चार कागद समोर ठेवा. पहिला ऑफर लेटर किंवा शेवटचे पगारवाढीचे पत्र. त्यात बोनस कशावर आहे ते नेमके वाचा: मूळ पगारावर, ठरलेल्या एकूण पगारावर, की सीटीसीवर. पहिली गल्लत इथेच होते. सीटीसीत पीएफचा कंपनीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, त्यामुळे सीटीसीचे 10 टक्के आणि ठरलेल्या पगाराचे 10 टक्के यांत काही हजारांचा फरक पडतो. स्नेहलच्या पत्रात "वार्षिक ठरलेला पगार" असे शब्द आहेत, म्हणून पाया 6,00,000 आणि टार्गेट बोनस 60,000.

दुसरा कागद म्हणजे कंपनीचे बोनस धोरण. त्यात तीन वाक्ये शोधा. वर्ष कोणते धरले आहे (इथे 1 एप्रिल ते 31 मार्च), प्रमाण दिवसांवर काढायचे की महिन्यांवर, आणि बिनपगारी रजा वजा होते का. तिसरा कागद रेटिंगचे पत्र आणि त्या वर्षाचा गुणकांचा तक्ता. चौथा म्हणजे हजेरीचा गोषवारा, ज्यात बिनपगारी दिवस महिन्यानुसार दिसतात.

धोरणातले एखादे वाक्य दोन अर्थांचे वाटले, तर ईमेल लिहिण्याआधी एचआरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. टीम लीडने आपल्या समजुतीने लावलेला अर्थ एकदा ईमेलमध्ये गेला की तो कंपनीचा शब्द म्हणून दाखवला जातो, आणि मग तो मागे घेणे फार अवघड होते.

एक सूचना शब्दाबद्दलही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नुसते "बोनस" म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दिवाळीची रक्कम येते. कायद्याने मिळणारा बोनस निराळा. तो दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होतो, किमान 8.33 टक्के आणि जास्तीत जास्त 20 टक्के असतो, आणि त्याचा वैयक्तिक रेटिंगशी संबंध नसतो. स्नेहलच्या घरात कोणी कारखान्यात असेल तर "माझा कुणी कापला नाही, तुझा कसा कापला" असे तिला हमखास ऐकावे लागेल. म्हणून ईमेलमध्ये पहिल्यापासून "व्हेरिएबल बोनस" हा शब्द वापरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. कधी इन्सेंटिव्ह, कधी बोनस, कधी परफॉर्मन्स पे असे लिहिले तर वाचणाऱ्याला या तीन वेगळ्या रकमा वाटतात.

दिवस मोजणे

स्नेहलचा हिशोब 51,750 कसा आला ते आधी समजून घ्या, कारण ईमेलने उत्तर त्यालाच द्यायचे आहे. तिने जुलै ते मार्च असे 9 महिने धरले. 60,000 चे 12 पैकी 9 महिने म्हणजे 45,000. त्याला 4 रेटिंगचा गुणक 1.15 लावला की 51,750. यात वेडेवाकडे काही नाही. पुष्कळ कंपन्यांत 15 तारखेच्या आत रुजू झालेल्याचा महिना पूर्ण धरतात, आणि आधीच्या नोकरीत तिने तसेच पाहिले असणार. या कंपनीचे धोरण मात्र "दिवसांच्या प्रमाणात" म्हणते. तेव्हा तिची पद्धत चूक आहे असे न लिहिता, इथली पद्धत वेगळी आहे असे लिहायचे. दोन्ही वाक्यांचा हिशोब एकच, पण वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम एक नाही.

आता दिवस. रुजू झाल्याचा दिवस आणि 31 मार्च, दोन्ही मोजायचे. जुलैचे 18, ऑगस्ट 31, सप्टेंबर 30, ऑक्टोबर 31, नोव्हेंबर 30, डिसेंबर 31, जानेवारी 31, फेब्रुवारी 28, मार्च 31. बेरीज 261. एक्सेलमध्ये नुसती वजाबाकी केली तर 260 येते, कारण वजाबाकीत सुरुवातीचा दिवस गळतो. शेवटी 1 मिळवायचा राहून जातो, ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

```
=DATE(2026,3,31)-DATE(2025,7,14)+1
```

एका दिवसाने रक्कम फार बदलत नाही. स्नेहलच्या बाबतीत तो फरक 189 रुपयांचा आहे. पण समोरच्याने बोटांवर मोजून 261 काढले आणि तुमच्या ईमेलात 260 असले, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. म्हणून ही बेरीज एकदा हाताने करून पाहा.

छेद 365 आहे, कारण 2025-26 मध्ये 29 फेब्रुवारी येत नाही. 2027-28 मध्ये तो येईल, आणि तेव्हा धोरणात छेद कायम 365 ठेवला आहे की वर्षाचे प्रत्यक्ष दिवस घ्यायचे आहेत हे पाहावे लागेल. जुन्या शीटमध्ये 365 हा आकडा सूत्रात कोंबून ठेवलेला असतो आणि लीप वर्षात तो कोणाच्या लक्षात येत नाही.

बिनपगारी रजेचे दिवस

सगळ्यात जास्त वाद इथे होतो, म्हणून ईमेलमध्ये इथे हात आखडता घेऊ नका.

स्नेहल दिवाळीनंतर, गुरुवार 6 नोव्हेंबर ते शुक्रवार 14 नोव्हेंबर रजेवर होती. नवीन असल्याने शिल्लक रजा नव्हती, सगळी रजा बिनपगारी झाली. तिच्या हिशोबाने हे 7 दिवस, कारण मधला शनिवार-रविवार सुट्टीच होती. हजेरीत 9 दिवस लागले आहेत, कारण रजेच्या मधे आलेली साप्ताहिक सुट्टीही रजेत धरली जाते. एचआरमध्ये याला सँडविच नियम म्हणतात. हा नियम प्रत्येक कंपनीत नसतो. तुमच्याकडे आहे की नाही ते रजा धोरणात पाहा, आणि असेल तर नोव्हेंबरच्या सॅलरी स्लिपमध्येही 9 दिवसांचाच पगार कापला आहे ना, हे पडताळा. पगार 7 दिवसांचा कापला आणि बोनसमधून 9 दिवस वजा केले, असे झाले असेल तर चूक कंपनीची आहे आणि ती ईमेल जाण्याआधी दुरुस्त व्हायला हवी. हजेरीचे सॉफ्टवेअर आणि बोनसची शीट वेगवेगळ्या माणसांकडे असली की असे घडते.

आणखी एक खाचखळगा पे-रोलच्या तारखेचा. बऱ्याच ठिकाणी हजेरी महिन्याच्या 25 तारखेला बंद होते. तिच्यानंतरची बिनपगारी रजा पुढच्या महिन्याच्या स्लिपवर उमटते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली रजा एप्रिलच्या स्लिपवर दिसते, आणि तरी ती 2025-26 च्या बोनसमधून वजा व्हायची असते. उलट बाजूने, आदल्या मार्चची रजा एप्रिल 2025 च्या स्लिपवर पाहून तीही या वर्षात वजा केली जाते. स्लिपवरचा महिना पाहू नका, रजेची प्रत्यक्ष तारीख पाहा.

प्रसूती रजा पगारी असते, तिला बिनपगारीच्या रकान्यात टाकणे ही साधी चूक नव्हे. तुमच्या टीममध्ये कोणी त्या रजेवर जाऊन आली असेल, तर तिचे दिवस डोळ्यांखालून घातल्याशिवाय ईमेल पाठवू नका.

स्नेहलचे धरलेले दिवस झाले 261 वजा 9, म्हणजे 252.

रेटिंग आणि गुणाकार

या कंपनीच्या तक्त्यात 3 रेटिंगला 1.00, 4 ला 1.15 आणि 5 ला 1.30 असा गुणक आहे. 2 ला 0.50, आणि 1 ला काही नाही. ईमेलमध्ये पूर्ण तक्ता देण्याची गरज नाही. स्नेहलची ओळ आणि 3 ची ओळ एवढे पुरते, म्हणजे आपल्याला टार्गेटपेक्षा 15 टक्के जास्त मिळाले हे तिला दिसते. नाहीतर प्रो-राटाच्या कपातीत ही वाढ हरवून जाते, आणि चांगले काम करूनही पैसे कमी झाले अशी भावना उरते. ही भावना खोटी आहे आणि ती आकड्याने दूर करता येते: 3 रेटिंग असते तर तिला 41,425 मिळाले असते, 4 मुळे 47,638 मिळाले. या एका ओळीत 6,213 रुपयांचा फरक आहे. ती ओळ ईमेलमध्ये असायलाच हवी.

रेटिंग बरोबर की चूक यावर या ईमेलमध्ये काही लिहायचे नाही. ती चर्चा रेटिंगच्या बैठकीत झालेली असते, आणि व्हायची राहिली असेल तर वेगळी बैठक घ्या. विशेषतः "मी तर 5 च दिले होते, वरून 4 केले" हे वाक्य कधीही लिहू नका. ते खरे असले तरी त्यातून दोनच गोष्टी होतात: स्नेहलला अन्याय झाल्याची खात्री पटते, आणि तो दूर करायची ताकद तुमच्यात नाही हेही कळते. अंतिम रेटिंग कंपनीचे असते, आणि टीम लीड म्हणून ते तुमचेही असते.

आता गुणाकार. पगार, टक्के, रेटिंगचा गुणक आणि दिवसांचे प्रमाण, हे चारही आकडे एकमेकांना गुणायचे असल्याने क्रम कोणताही घेतला तरी उत्तर तेच येते. मधे पूर्णांक केला की मात्र बदलते. 252 भागिले 365 म्हणजे 0.690410… असा न संपणारा अपूर्णांक. कोणी तो 0.69 करून पुढे गेले तर उत्तर 47,610 येते, 28 रुपये कमी. 0.7 धरले तर 48,300, म्हणजे 662 रुपये जास्त. म्हणून पूर्णांक एकदाच, शेवटी.

```
=ROUND(600000*10%*1.15*252/365, 0)
```

हे सूत्र जसेच्या तसे ईमेलमध्ये टाका. ज्याला एक्सेल येते तो चिकटवून पाहील, ज्याला येत नाही तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तेच आकडे टाकेल. कॅल्क्युलेटरवर टक्क्याच्या खुणेने घोळ होतो, तेव्हा 10 टक्क्यांऐवजी 0.10 वापरायला सांगा.

क्रमाने फरक पडतो अशी एक जागा आहे. धोरणात कमाल मर्यादा असेल, समजा "बोनस टार्गेटच्या 120 टक्क्यांपेक्षा जास्त नाही", तर ती मर्यादा वर्षभराच्या टार्गेटला लावायची की प्रो-राटा झालेल्या टार्गेटला, यावर 5 रेटिंगवाल्याची रक्कम बदलते. 4 ला याचा प्रश्न येत नाही, म्हणून स्नेहलच्या ईमेलमध्ये त्याचा उल्लेखही नको.

वर्षात पगार बदलला असेल तर

समजा स्नेहल 5,40,000 वर रुजू झाली आणि कन्फर्म झाल्यावर 1 जानेवारी 2026 पासून 6,00,000 झाले. आता 10 टक्के कोणत्या पगाराचे? धोरणात "31 मार्च रोजीचा पगार" असे असेल तर उत्तर तेच, 47,638. "त्या त्या काळातला पगार" असे असेल तर दोन तुकडे करावे लागतात. डिसेंबरअखेर 171 दिवस, त्यातून नोव्हेंबरची 9 दिवसांची रजा वजा, राहिले 162. त्यांचे 54,000 च्या टार्गेटवर, 1.15 चा गुणक लावून, 27,562.19. जानेवारी ते मार्च 90 दिवस, त्यांचे 60,000 च्या टार्गेटवर, तोच गुणक लावून, 17,013.70. बेरीज 44,575.89, म्हणजे 44,576. फरक 3,062 रुपयांचा, आणि तो सगळा धोरणातल्या तीन-चार शब्दांवर अवलंबून. बिनपगारी दिवस ज्या तुकड्यात पडले त्याच तुकड्यातून वजा करायचे, हेही इथे विसरू नका.

हातात किती येणार

ईमेलमध्ये रक्कम कर कापण्यापूर्वीची आहे हे स्पष्ट लिहा. बोनस 2025-26 च्या कामाचा असला तरी तो मे 2026 मध्ये मिळतो, म्हणून कराच्या हिशोबात तो 2026-27 च्या पगारात धरला जातो. नवीन कर-पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, त्यामुळे फक्त पगाराचेच उत्पन्न असलेल्या स्नेहलच्या बोनसमधून टीडीएस कापला जायला नको. प्रोफेशनल टॅक्स नेहमीचे 200 रुपये, बोनसमुळे तो वाढत नाही.

पंधरा लाखांच्या आसपास पगार असलेल्या सहकाऱ्याचे तसे नसते. त्याच्या एक लाखाच्या बोनसवर नवीन कर-पद्धतीत 15 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर मिळून 15,600 रुपये लागतात, आणि बरेच पे-रोल ते सगळे त्याच महिन्यात कापतात. त्याला आधी सांगितले नाही तर तो कापलेल्या करालाही प्रो-राटा समजतो. टक्केवारी सांगताना मात्र "पे-रोलकडून खात्री करून घ्या" हे जोडा. त्याची इतर मिळकत आणि निवडलेली कर-पद्धत तुम्हाला माहीत नसते, आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

ईमेल

हे सगळे कागदावर झाल्यावर ईमेल छोटाच होतो. रोज "तू" म्हणत असलात तरी इथे "तुम्ही" लिहा. हा ईमेल उद्या एचआरच्या फाइलमध्ये जाऊ शकतो, आणि पैशाच्या बाबतीत बरोबरीचा सूर बरा वाटतो.

> विषय: 2025-26 च्या व्हेरिएबल बोनसचा हिशोब
>
> नमस्कार स्नेहल,
>
> मे महिन्याच्या स्लिपवर तुमचा 2025-26 चा व्हेरिएबल बोनस 47,638 रुपये आहे (कर कापण्यापूर्वी). तुमचा अंदाज 51,750 चा होता. फरक कशामुळे आला तो खाली मांडला आहे.
>
> टार्गेट बोनस: 6,00,000 चे 10 टक्के = 60,000 (ऑफर लेटर, व्हेरिएबल बोनसचे कलम)
> रेटिंग 4, गुणक 1.15: 60,000 × 1.15 = 69,000 (रेटिंगचे पत्र)
> नोकरीचे दिवस: 14 जुलै 2025 ते 31 मार्च 2026, दोन्ही दिवस धरून 261
> बिनपगारी रजा: 6 ते 14 नोव्हेंबर, 9 दिवस (नोव्हेंबरची स्लिप)
> धरलेले दिवस: 261 − 9 = 252
> बोनस: 69,000 × 252 ÷ 365 = 47,638.36, म्हणजे 47,638 रुपये
>
> तुम्ही जुलै पूर्ण धरून 9 महिने घेतले होते. आपल्या धोरणात प्रमाण दिवसांवर काढतात. त्यामुळे 51,750 ऐवजी 49,339.73 होतात, म्हणजे 2,410.27 रुपये कमी. बिनपगारी 9 दिवसांचे आणखी 1,701.37 कमी होतात. दोन्ही मिळून 4,111.64.
>
> रजेच्या मधे आलेले शनिवार-रविवारही आपल्या रजा धोरणानुसार रजेत धरले आहेत. नोव्हेंबरचा पगारही 9 दिवसांचाच कापला गेला होता, हे मी तपासले आहे.
>
> रेटिंग 3 असते तर याच दिवसांचा बोनस 41,425 झाला असता. तुमच्या 4 रेटिंगमुळे त्यात 6,213 रुपयांची भर पडली आहे.
>
> यातला कोणताही आकडा तुमच्याकडच्या कागदाशी जुळत नसेल तर 10 जूनपर्यंत मला कळवा, म्हणजे दुरुस्ती जूनच्या पगारात करता येईल. आकडे समोर ठेवून बोलायचे असेल तर उद्या चारनंतर मी मोकळा आहे.
>
> प्रसाद

सुरुवातीलाच दोन्ही रकमा आल्या आहेत, तिची आणि कंपनीची. लोक आधी कामाचे कौतुक, मग धोरणाची पार्श्वभूमी, मग रक्कम असे लिहितात, आणि वाचणारा पहिले दोन परिच्छेद न वाचताच आकडा शोधत खाली जातो. 10 जूनची तारीख हवेतली नसावी. जूनची हजेरी आणि पे-रोल कधी बंद होतात ते एचआरला विचारून त्याच्या काही दिवस आधीची तारीख टाका. "केव्हाही विचारा" असे लिहिले तर चूक सापडूनही पैसे एक महिना मागे पडतात.

पाठवताना

ईमेल फक्त स्नेहलला. प्रत कोणालाही नको, एचआरचा नियमच असेल तर एचआरच्या एका माणसाला. आणि सगळ्यात महत्त्वाचे: टीमची बोनस शीट फिल्टर लावून, फक्त तिची ओळ दिसेल अशी करून कधीही जोडू नका. फिल्टर काढला की सगळ्या टीमचे पगार आणि रेटिंग समोर येते. लपवलेल्या ओळी आणि लपवलेले टॅबही एका क्लिकवर उघडतात. शीट द्यायचीच असेल तर नवी कोरी फाइल उघडा, तिची ओळ फक्त व्हॅल्यू म्हणून चिकटवा, आणि पाठवण्याआधी ती फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहा. मूळ शीटमधला टॅब नव्या फाइलमध्ये "मूव्ह ऑर कॉपी"ने नेला तर त्यातली सूत्रे जुन्या फाइलला जोडलेली राहतात, म्हणून तोही मार्ग टाळा.

वेळेचेही पाहा. स्लिप निघण्याच्या आदल्या दिवशी ईमेल गेला तर प्रश्न निम्मे होतात. शनिवारी संध्याकाळी गेला तर सोमवारपर्यंत उत्तर द्यायला कोणी नसते, आणि दीड दिवस ती एकटीच त्या आकड्यांशी भांडत बसते.

उलट उत्तर आले तर

बहुतेक उत्तरे तीन प्रकारची असतात. "त्याला जास्त कसे मिळाले?" या प्रश्नाला दुसऱ्याचा एकही आकडा न देता उत्तर द्यायचे: "दुसऱ्याचा हिशोब मला सांगता येणार नाही, तुमचा सगळा तुमच्यासमोर आहे." दुसरे, "पुढच्या वर्षी भरून काढाल ना?" याला हो म्हणू नका. पुढच्या वर्षी तिचे 365 दिवस पूर्ण भरले तर प्रो-राटाची कपात होणार नाही एवढेच तुम्हाला ठाऊक आहे, तेवढेच लिहा. रेटिंग आणि गुणकांचा तक्ता दरवर्षी बदलू शकतो.

तिसरे उत्तर सगळ्यात मोलाचे असते: "6 नोव्हेंबरला मी दुपारपर्यंत कामावर होते." असे आले की वाद न घालता गेटच्या पंचची नोंद मागवा. तिचे म्हणणे खरे निघाले तर अर्धा दिवस परत मिळतो. 69,000 × 252.5 ÷ 365 म्हणजे 47,733, जुन्या रकमेपेक्षा 95 रुपये जास्त. रक्कम किती लहान आहे ते पाहू नका. त्या अर्ध्या दिवसाचा नोव्हेंबरचा पगारही परत द्यावा लागेल, हे एचआरला त्याच निरोपात कळवा. मग स्नेहलला लगेच, पैसे जमा होण्याची वाट न पाहता, दोन ओळी लिहा: कोणता आकडा बदलला, नवी रक्कम किती, फरक कोणत्या महिन्याच्या पगारात येईल. जुन्या ईमेललाच उत्तर म्हणून लिहा, म्हणजे दोन्ही हिशोब एकाखाली एक राहतात. जूनची स्लिप निघाली की थकबाकीच्या रकान्यात ते 95 रुपये आले आहेत का, हे तिने विचारण्याआधी तुम्ही पाहा.